पेपर काढणं आणि तपासणं: ८४ चे ८६ झाले तेव्हा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासचे साठ पेपर कापडी पिशवीत घालून केएमटीच्या बसनं घरी आणले, तेव्हा वाटलं होतं की शनिवार-रविवारात हातावेगळे होतील. दहावीचा बीजगणिताचा पेपर, ४० गुणांचा. दर मिळाला पेपरमागं आठ रुपये. एका पेपरला आठ मिनिटं लागली, म्हणजे साठ पेपरांना आठ तास आणि मोबदला ४८० रुपये. तासाला साठ. मी शिकवते ती शाळा विनाअनुदानित, पगार दोन-दोन महिने थांबायचा, म्हणून मी तरीही काम घेतलं. तुम्ही घेतलंत तर मी नावं ठेवणार नाही, पण दर आणि पैसे कधी मिळणार हे पिशवी उचलायच्या आधी विचारून घ्या. नंतर विचारायला जाम अवघड वाटतं.

काम मिळतं ओळखीतून, जाहिरातीतून नाही. क्लासवाल्याकडं आधी कुणीतरी तपासत असतं, त्याला एखाद्या आठवड्यात जमत नाही, आणि तो तुमचं नाव सुचवतो. माझं नाव आमच्याच शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं. पहिल्यांदा तपासणीच मिळते. पेपर काढायचं काम दोन-तीन गठ्ठे वेळेत आणि बेरजा न चुकता परत दिल्यावर येतं. 'आमच्याकडं या, महिन्यात पेपर सेटर करतो' म्हणून पैसे घेऊन शिकवणाऱ्यांच्या नादी लागू नका. बोर्डाच्या तपासणीचं गणित वेगळं आहे. तिथं नाव मान्यताप्राप्त शाळेमार्फतच जातं आणि तुम्ही तो विषय शिकवत असावं लागतं. क्लासचे हजार पेपर तपासले असले तरी कोल्हापूर विभागीय मंडळासाठी त्याचा उपयोग नाही. आणि अनुदानित शाळेत असाल तर क्लासचं कुठलंही काम घेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी आहे. पेपर तपासणं म्हणजे शिकवणी नव्हे, असा वाद तुम्ही घालू शकाल, पण तो वाद चौकशीत घालायची वेळ येऊ नये.

आता माझी चूक. हे जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

चौथ्या महिन्यात मला पूर्ण पेपर काढायला मिळाला. बोर्डाचा आराखडा पाठ होता: पहिल्या प्रश्नात आठ गुण, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात नऊ, चौथ्यात आठ, पाचव्यात तीन. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. तिथं मी वर्गसमीकरणावर शाब्दिक उदाहरण घेतलं. आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. पण ८४ चं उदाहरण मुलांच्या सरावसंचात होतं. म्हटलं, नवं दिसू दे. ८४ चे ८६ केले आणि पुढं गेले. सोडवून बघितलं नाही.

रुंदी x मानली की x(x + 5) = 86, म्हणजे x² + 5x − 86 = 0. अवयव पाडायला बसा. ज्यांचा गुणाकार ८६ आणि फरक ५ अशा दोन संख्या हव्यात. ८६ च्या जोड्या दोनच, १ × ८६ आणि २ × ४३. पडतच नाहीत. विवेचक काढला तर 25 + 344 = 369, आणि ३६९ पूर्ण वर्ग नाही. उत्तर साधारण ७.१ मीटर येतं. गणित चुकीचं नाही, पण ज्या मुलाला अवयव पाडता येतात तो अवयव शोधतच बसतो, आपणच चुकलो समजून खोडतो, पुन्हा मांडतो. पेपर तपासताना मला ते दिसलं. एकेका उत्तरपत्रिकेत पाऊण पान खोडलेलं, आणि पाचवा प्रश्न कोरा. साठपैकी एक्केचाळीस जणांनी हाच प्रश्न निवडला होता.

क्लासच्या सरांचा रात्री फोन. "मॅडम, तुम्ही सोडवलेला का ओ हा?" मी खोटं बोलले नाही, एवढंच माझं पुण्य.

प्रश्न रद्द करून सगळ्यांना चार गुण द्या, असं पालक म्हणत होते. पण पर्यायी प्रश्नात ते चालत नाही. ज्यानं हा सोडून बाकीचे दोन सोडवले त्याला काहीच मिळत नाही, आणि ज्यानं नुसता प्रश्नाचा नंबर लिहिला तो चार गुण घेऊन जातो. शेवटी आम्ही ठरवलं की समीकरणापर्यंत बरोबर पोचलेल्याला पूर्ण गुण. पाचव्या प्रश्नाचा गेलेला वेळ मात्र कुणालाच परत देता आला नाही.

त्यानंतर मी आकडे बदलत नाही, उत्तरापासून मागं येते. रुंदी ७ हवी, लांबी १२. मग फरक ५, गुणाकार ८४. नवं हवं तर रुंदी ८, लांबी १३, क्षेत्रफळ १०४. समीकरण x² + 5x − 104 = 0, अवयव (x + 13)(x − 8). आकडे आपोआप नीट बसतात. श्रेढीत आधी पदांची संख्या ठरवायची, मग बेरीज. नाहीतर पदं साडेअकरा येतात. माणसं, कोंबड्या, नाणी असलेल्या एकसामयिक समीकरणांतही तेच.

आणि तेव्हाच, कागद पुढ्यात असताना, गुणदान लिहून टाका. या बागेच्या प्रश्नाला माझं असं असतं: चल मानून लांबी-रुंदी मांडली एक, समीकरण एक, अवयव एक, ऋण किंमत नाकारून दोन्ही मापं एककासह एक. नुसतं 'उत्तर १३ व ८' अशी उत्तरसूची दिली तर दुसरा तपासनीस वाट्टेल तसे गुण देतो. आमच्याकडं एकदा एकाच चुकीला एका गठ्ठ्यात तीन आणि दुसऱ्यात एक असं झालं. मुलं पेपर शेजारी ठेवून बघतात, लपत नाही.

तपासताना लाल पेन हातात घेण्याआधी पाच-सहा पेपर नुसते वाचा. मुलांनी काय काय केलंय ते कळतं आणि पहिल्या पेपरावर अन्याय होत नाही. मग एकच प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात तपासायचा, पेपर एकेक पूर्ण करायचा नाही. बेरीज दुसऱ्या दिवशी. रात्री अकराला केलेल्या बेरजेवर माझा विश्वास उरलेला नाही. घाबरू नका, चौथ्या-पाचव्या गठ्ठ्याला हात बसतो आणि आठ मिनिटांची पाच होतात.

टायपिंग करून आलेली प्रत मोबाईलवर तपासू नका, कागदावर काढून बघा. हाताने लिहिलेला x² टाइप होताना x2 होतो, उणे चिन्ह ओळीच्या शेवटी एकटं राहतं, आणि आकडा खालच्या ओळीवर जातो. मी ती प्रत घेऊन पुन्हा पहिल्यापासून पूर्ण पेपर सोडवते, घड्याळ लावून. दोन तासांच्या पेपरला मला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर एखादा प्रश्न काढते. सरांनी एकदा विचारलं, एवढा वेळ कशाला. मी त्यांना तो ८६ चा पेपर दाखवला, अजून ठेवलाय फायलीत.