व्हिडिओवर तपासलेल्या मुलाचा केसपेपर कसा लिहावा

व्हिडिओवर रुग्ण पाहिल्यानंतर लिहिलेली सगळ्यात धोकादायक नोंद म्हणजे 'छाती स्वच्छ'. स्टेथोस्कोप लावलेलाच नसतो, पण सवयीने तसं लिहिलं जातं किंवा संगणकातला तयार नमुना ते आपोआप भरतो. रात्री मूल दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं, की छाती कुणीतरी ऐकली आहे असं तो धरून चालतो.

समजा, तीन वर्षांचा मुलगा आहे. दोन दिवस ताप, खोकला.

आधी तारीख, वेळ आणि 'व्हिडिओवर सल्ला' हे लिहा. मूल आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, फोन तुटला तर कोणता नंबर, हेही लिहा. २०२० च्या भारतीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार लहान मुलासोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख पटवलेली हवी. चित्र अंधुक असेल तर तेही नोंदवा.

मग तुम्ही स्वतः पाहिलेलं आणि घरच्यांनी सांगितलेलं वेगळं ठेवा. 'ताप १०१, आईने थर्मामीटरने मोजला' ही आईची माहिती. 'सदरा वर करून, मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजलेले श्वास ३६. बरगड्यांखाली खड्डा पडत नाही. खेळतो, पाणी पितो' हे तुमचं निरीक्षण. या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास वेगवान मानतात. ४४ भरले असते, तर त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणीला पाठवायला हवं होतं. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून उपयोग नाही. चित्र अडखळत असेल तर आकडा लिहूच नका.

आता खरा महत्त्वाचा भाग: 'तपासता आलं नाही' असं स्वतंत्र शीर्षक. प्रत्येक गोष्टीपुढे तिच्यामुळे काय अनिश्चित राहिलं ते लिहा:

'छाती ऐकली नाही, न्यूमोनिया पूर्णपणे नाकारता येत नाही. कान पाहिले नाहीत, तापाचं कारण कानात असू शकतं. ऑक्सिजन मोजला नाही, घरी यंत्र नाही.'

नुसतं 'तपासणी मर्यादित' लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. निदानही त्याच मापाने लिहा: 'विषाणूजन्य सर्दी-खोकला वाटतो, प्रत्यक्ष तपासणी बाकी.'

पाठपुराव्यात या राहिलेल्या प्रत्येक तपासणीला जागा मिळाली पाहिजे. 'गरज वाटल्यास या' एवढ्याने आईला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'उद्या सकाळी ११ पर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात छाती, कान आणि ऑक्सिजन तपासून घेणे. पोट उडायला लागलं, खड्डा पडला, पिणं बंद झालं, मूल मलूल झालं किंवा झटका आला तर वाट न पाहता लगेच रुग्णालयात. आईने ही लक्षणं स्वतःच्या शब्दांत परत सांगितली. रात्री नेण्यासाठी शेजारी गाडी आहे.'

शेवटी, मूल केंद्रात पोहोचलं का हे विचारायला उद्या दुपारी कोण फोन करणार, त्याचं नाव लिहा. फोन झाल्यावर तिथल्या तपासणीचा निष्कर्ष त्याच केसपेपरवर, नवी वेळ टाकून, खाली जोडा. जुनी ओळ खोडू नका.