भिंतीवरचं वर्तुळ ३६० अंशांत बसवताना

पाहणीच्या कामाला नवी आलेली मुलं हमखास विचारतात, की पाय चार्ट संगणक काढून देतो, मग कोन हातानं कशाला काढायचे? अहवालापुरतं त्यांचं खरं आहे. स्प्रेडशीटला कच्चे आकडे दिले की ती स्वतःच बरोबर पाकळ्या पाडते, अंश आपल्याला दिसतही नाहीत. पण आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात पाहणीचा निकाल लोक वाचतात तो भिंतीवर. पंचायतीची नाहीतर शाळेची भिंत, पेंटर, दोरी, खडू आणि आपण लिहून दिलेला कागद. त्या कागदावर टक्के लिहून पेंटरला काही उपयोग नाही, त्याला कोन लागतो.

आणि तो कोन भिंतीवर चुकला तर लपत नाही. याचं कारण आम्ही वापरतो त्या मापात आहे. वर्तुळाची त्रिज्या ५७.३ सेंटीमीटर घेतली की परीघ बरोबर ३६० सेंटीमीटर भरतो, म्हणजे परिघावर एक अंश म्हणजे एक सेंटीमीटर. एवढा मोठा कोनमापक कोणाकडे नसतो, पण शिंप्याची टेप कुठेही मिळते. कोनांची बेरीज ३६१ आली तर परिघावर एक सेंटीमीटरची गडबड समोर उभी राहते.

सरावासाठी मी एका काल्पनिक गावाची यादी देतो. आकडे बनवलेले आहेत, पिकं आपल्या भागातली. १८७ शेतकऱ्यांना विचारलं, मुख्य पीक कोणतं? ऊस ७१, सोयाबीन ४६, तंबाखू ३१, ज्वारी २०, भुईमूग १२, भाजीपाला ७.

बहुतेक जण आधी टक्के काढतात, ते राउंड करतात आणि मग एका टक्क्याला ३.६ अंश म्हणून गुणतात. करून बघा. टक्के येतात ३८, २५, १७, ११, ६ आणि ४. बेरीज १०१. त्यांना ३.६ ने गुणलं की कोन होतात १३६.८, ९०, ६१.२, ३९.६, २१.६ आणि १४.४, एकूण ३६३.६. अशीच एक यादी भिंतीपर्यंत गेली, तेव्हा पेंटर शिडीवरून म्हणाला, "सर, गोल मिटंना की. शेवटचं पहिल्यावर चढायलंय." यादी करणाऱ्या मुलीनं लगेच तोडगा काढला, "दादा, भाजीपाल्याला उरेल तेवढं देऊन टाकू?"

हा तोडगा सगळ्यांनाच सुचतो, पण तो घातक आहे. उरतं किती ते बघा: १४.४ मधून ३.६ गेले, राहिले १०.८. भाजीपाल्याचा खरा कोन साडेतेराच्या आसपास आहे. सगळ्यांच्या राउंडिंगचा भार सर्वांत लहान पाकळीवर पडला आणि तिचा पाचवा हिस्सा गेला. शिवाय सोयाबीन नेमकं ९० अंशांवर बसलं, म्हणजे बघणाऱ्याला ते बरोबर पाव वाटणार. खरा कोन साडेअठ्ठ्याऐंशीच्या जवळ आहे. टक्का राउंड करताना अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो आणि ३.६ ने गुणल्यावर तोच फरक १.८ अंशांपर्यंत जातो. म्हणून कच्ची संख्या हातात असेल तर टक्क्यांच्या वाटेला जायचंच नाही. टक्के अहवालात छापायला ठेवा, कोन संख्येवरून काढा.

संख्या गुणिले ३६० भागिले एकूण, एवढंच. पण हा भागाकार दशांशात न नेता शाळेत शिकलो तसा भागाकार आणि बाकी असा ठेवा. उसाचं पाहू: ७१ × ३६० = २५५६०. १८७ ने भाग दिला की भागाकार १३६, बाकी १२८. असं सहाही पिकांचं केलं की तक्ता असा होतो:

| पीक | संख्या | भागाकार | बाकी | शेवटचा कोन |
|---|---|---|---|---|
| ऊस | ७१ | १३६ | १२८ | १३७ |
| सोयाबीन | ४६ | ८८ | १०४ | ८९ |
| तंबाखू | ३१ | ५९ | १२७ | ६० |
| ज्वारी | २० | ३८ | ९४ | ३८ |
| भुईमूग | १२ | २३ | १९ | २३ |
| भाजीपाला | ७ | १३ | ८९ | १३ |

भागाकारांची बेरीज ३५७, म्हणजे तीन अंश वाटायचे उरले. आता बाक्यांची बेरीज करा: ५६१. ती १८७ च्या बरोबर तिप्पट आहे. हा योगायोग नाही. गुणाकार बरोबर असतील तर बाक्यांच्या बेरजेला एकूण संख्येने नेहमी पूर्ण भाग जातो आणि येणारं उत्तर म्हणजे उरलेले अंश. भाग गेला नाही किंवा दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कुठेतरी गुणाकार किंवा वजाबाकी चुकली आहे. राउंडिंगला हात लावण्याआधी ती शोधा.

उरलेले तीन अंश सर्वांत मोठ्या बाक्यांना एकेक द्यायचे: ऊस १२८, तंबाखू १२७, सोयाबीन १०४. झाले ३६०. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ मध्ये हीच रीत सुचवली होती. जागा अर्धी देता येत नाही आणि बेरीज ठरलेली असते, अडचण तीच.

ज्वारीकडे मात्र नीट बघा. तिची बाकी ९४ आहे, म्हणजे १८७ च्या निम्म्याहून किंचित जास्त. दशांशात तिचा कोन ३८.५०. नेहमीच्या नियमानं राउंड केलं असतं तर ती ३९ झाली असती आणि बेरीज ३६१. सहाही कोन एकेकटे बरोबर, बेरीज तेवढी चुकीची. नव्या माणसाला इथंच पटत नाही. "३८.५० चं ३८ कसं लिहायचं?" म्हणून तो अडतो. पण एक अंश कुठून तरी कमी करायचाच आहे, आणि वर गेलेल्या चौघांत ज्वारीच सर्वांत काठावरून गेली होती. तिच्याकडून घेतला की एकूण चूक सर्वांत कमी राहते. काही जण तो एक अंश सर्वांत मोठ्या पाकळीतून काढतात, उसाला १३६ देतात. एका अंशासाठी मी त्याला चूक म्हणणार नाही, १३७ मधला एक अंश डोळ्याला कळतही नाही. पण तीन-चार अंश तिथं ढकलायची सवय लागली की पुढं हिशेबातली खरी चूकसुद्धा त्याच पाकळीत लपते.

राउंडिंग आणि चूक यांतला फरक ओळखायला एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रत्येक कोन जवळच्या पूर्णांकात घेताना फार तर अर्ध्या अंशाचा फरक पडतो. सहा पाकळ्या असतील तर एकूण फरक तीन अंशांपेक्षा जास्त होऊच शकत नाही, आणि एवढा होणंही दुर्मीळ. सहा पाकळ्यांची बेरीज ३६५ आली तर जुळवत बसू नका, आकडा उतरवतानाच काहीतरी निसटलंय.

दशांशाचं एक स्थळ ठेवलं की हे सगळं टळेल असं वाटतं. याच यादीत १३६.७, ८८.६, ५९.७, ३८.५, २३.१, १३.५ यांची बेरीज ३६०.१ होते. तक्रार तीच, फक्त लहान. भिंतीवर ब्रशची रेघच काही मिलिमीटर जाड असते, त्यामुळं तिथं दशांशाला अर्थ नाही.

यादी लांब असेल तर हेच काम स्प्रेडशीटमध्ये होतं. संख्या B2 ते B7 मध्ये आणि एकूण B8 मध्ये असेल, तर पहिलं सूत्र भागाकार देतं, दुसरं बाकी:

```
=INT(B2*360/B$8)
=MOD(B2*360,B$8)
```

उरलेले अंश मी हातानंच देतो. दोन बाक्या सारख्या आल्या तर निर्णय माणसानं घ्यावा असं माझं मत आहे. दोन पिकांची संख्याच सारखी असेल आणि एकच अंश उरला असेल, तर दोघांना अर्धा-अर्धा द्या. सारख्या संख्येच्या पाकळ्या वेगळ्या दिसल्या तर गावातले लोक पेंटरला नाही, आपल्याला विचारतात.

कधी कच्ची संख्या मिळतच नाही, दुसऱ्याच्या अहवालातले टक्केच हाती येतात. त्यांची बेरीज ९९ किंवा १०१ असेल तर १०० ने भागू नका, त्या बेरजेनंच भागा. म्हणजे टक्का गुणिले ३६० भागिले १०१, आणि पुढं बाकीची रीत तीच. पण बेरीज १४० आली, तर तो राउंडिंगचा मामला नाही. आपल्याकडं एकच शेतकरी सोयाबीन घेतो आणि तंबाखूही लावतो. प्रश्न 'कोणकोणती पिकं घेता?' असा असेल तर एक माणूस दोनदा मोजला जातो. ते टक्के ओढूनताणून ३६० मध्ये बसवता येतात, पण चित्र खोटं होतं. तिथं सरळ स्तंभालेख काढायचा.

पेंटरला कागद देताना सुटे कोन न देता रेघांच्या जागा द्या, म्हणजे कोनांची चढती बेरीज: १३७, २२६, २८६, ३२४, ३४७, ३६०. प्रत्येक पाकळी आधीच्या रेघेपासून मोजली तर रेघेची जाडी दर वेळी पुढं सरकत जाते. आधी ओळंब्यानं उभी रेघ आणि लेव्हलनं आडवी रेघ मारून घ्या, म्हणजे वरून घड्याळाच्या दिशेनं ०, ९०, १८० आणि २७० च्या खुणा पक्क्या होतात. मग १३७ साठी ९० च्या खुणेपासून पुढं ४७ सेंटीमीटर, २२६ साठी १८० पासून ४६, २८६ साठी २७० पासून १६. उरलेल्या दोन रेघा माथ्यापासून उलट्या दिशेनं ३६ आणि १३ वर.

टेप परिघावरूनच वळली पाहिजे, कडेवर उभी धरून. दोन टोकांत सरळ ताणली तर ६० सेंटीमीटरला ६० अंश येत नाहीत, ६३ येतात. दहा सेंटीमीटरपर्यंत हा फरक दिसत नाही, म्हणून घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. एकटे असाल तर परिघावर आधी दहा-दहाच्या खुणा करून घ्या.

नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहायची असतील तर भाजीपाल्याच्या पाकळीला परिघावर जेमतेम तेरा सेंटीमीटर रुंदी मिळते, आतल्या बाजूला त्याहून कमी. तिथं अक्षरं कोंबू नका, बाहेर रेघ ओढून नाव लिहा आणि त्याच्या शेजारी अंश नको, ७ ही संख्या लिहा.