घड्याळाची वॉरंटी वाचताना या चुका टाळा: ‘३० मीटर’ म्हणजे आंघोळ नव्हे

घड्याळदुरुस्तीच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसलो. “वॉरंटीत आहे हो!” असं ठासून सांगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ते कार्ड उघडलेलंच नसायचं. कार्ड खोक्यात, खोकं कपाटात आणि मालक माझ्यावर गरम.

सगळ्यात महागात पडते ती पाण्याची चूक. झाकणावर ‘३० मीटर’ किंवा ‘३ एटीएम’ कोरलेलं असतं. वाचणारा समजतो, तीस मीटर खोल जाता येतं. तो आकडा म्हणजे कोऱ्या घड्याळाने चाचणीत सोसलेला स्थिर दाब. रोजच्या वापरात त्याचा अर्थ एवढाच, की हात धुताना उडालेलं पाणी किंवा पावसाचे चार थेंब चालतील. पोहायचं असेल तर मी १०० मीटरच्या खाली जात नाही. ५० बद्दल प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, तो कार्डावर बघा. गरम पाणी मात्र कुठल्याच आकड्यात धरू नका.

एक जावईबापू आठवतात. सासऱ्यांनी साखरपुड्याला दिलेलं घड्याळ, जेमतेम चार महिन्यांचं, ३० मीटरवालं. हे रोज ते घालून गिझरच्या पाण्याने आंघोळ करायचे. गरम पाण्याने घड्याळाची बाहेरची केस, काच आणि पाणी अडवणारी रबरी रिंग कमीजास्त फुगतात, साबण रिंगेची वाट लावतो. मग घड्याळ गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल आत ओढून घेते. एके दिवशी काचेच्या आतून धुकं धरलं. तिथेच आणलं असतं तर मशीन तरी वाचलं असतं. यांनी रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. बंद केसमधलं पाणी तांदूळ शोषणार कसं, हे त्या डब्यालाच माहीत! धुकं गेलं नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर झाकण उघडून हेअर ड्रायर मारून घेतला.

आमच्याकडे आलं तेव्हा चावीच्या दांड्यावर गंज, झाकणाच्या खाचेजवळ ओरखडे आणि रिंग एका बाजूला चेपलेली. कंपनीने दावा फेटाळला. कारणं दोन लिहिली: मर्यादेबाहेरचा वापर आणि अनधिकृत माणसाने उघडणं. दोन्ही वाक्यं कार्डावर छापलेली होती, मी बोट ठेवून दाखवली. काच शाबूत, चावी आत बसलेली आणि झाकण कोणी न उघडलेलं असतं, तर निदान भांडायला जागा होती.

म्हणून माझी सवय सांगतो. आत धुकं दिसलं की घड्याळ काढायचं, चावी ओढायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी अधिकृत सेंटरला द्यायचं. गंज उद्याची वाट बघत नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे सेल. “सहा महिन्यांत सेल गेला, फसवलं!” फसवलेलं नसतं. कारखान्यात टाकलेला सेल घड्याळ चालतं का हे बघण्यासाठी असतो, त्याचं आयुष्य तिथूनच सुरू होतं. दुकानाच्या काचेत वर्षभर पडलं असेल तर तेवढं आयुष्य गेलंच. त्यामुळे सेल जवळपास प्रत्येक कार्डात वगळलेला असतो. बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा एकेक सोडून काही सेकंदांची उडी मारतो. तो बिघाड नाही, निरोप आहे.

खरी मेख पुढे आहे. थोडे पैसे वाचवायला सेल बाहेर बदलला, की झाकण उघडलं म्हणून उरलेली वॉरंटी धोक्यात. शिवाय तिथे दाबाची चाचणी कोण करतो? आणि मेलेला सेल महिनोन्‌महिने आत ठेवला तर तो गळतो, मशीन खातो. ते नुकसानही बहुतेक वेळा तुमच्याच माथी. नवा सेल दोन-तीन महिन्यांत पुन्हा संपला तर मात्र गप्प बसू नका. मशीन जास्त करंट ओढत असेल, आणि तो दोष वॉरंटीत बसू शकतो. “करंट मोजून द्या” एवढं म्हणा, आधीच्या सेलची पावती पुढे ठेवा.

काच, पट्टा, केसवरचे चरे हे धरूच नका. पडल्याचा घाव केसवर दिसतोच, “आपोआप बंद पडलं” म्हणून उपयोग नाही. चावीच्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या सुमारास तारीख हाताने बदलू नका. बऱ्याच मशीनमध्ये त्या वेळी तारखेची चाकं अडकलेली असतात, दात तुटतो आणि तो गैरवापरात जमा होतो.

आणि कार्ड दुकानातच भरून घ्या: तारीख, शिक्का आणि मागच्या झाकणावर कोरलेला नंबर. “नंतर शिक्का मारून देतो” म्हणणाऱ्या दुकानदारासमोर मी सरळ स्टूल ओढून बसतो.