विसर्जन मिरवणुकीला एईडी नेताना पिशवीत काय हवं (रेझर!)

आधी रेझर. दाढीचा, वापरून फेकायचा साधा रेझर, दोन नग. सोबत तीन-चार सुती नॅपकिन. हे पिशवीत पडलं की मग बाकीचं वाचा.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने मिरवणुकीसाठी एईडी आणलं, म्हणजे छातीवर चिकटवलेल्या दोन पॅडमधून हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र. मी प्रशिक्षण घेतलेलं, म्हणून पिशवी माझ्याकडे. बॅटरी बघितली, पॅडवरची तारीख बघितली, हिरवा दिवा लुकलुकत होता. एकदम तयार, असं मला वाटलं. संध्याकाळी पथकाच्या मागे नाचणारे एक काका बोलता बोलता कोसळले. पुढचं सांगतो, पण आधी एक घोळ मिटवू, कारण त्या दिवशी त्यानेही वेळ खाल्ला.

आपण मराठीत सगळ्यालाच ‘झटका’ म्हणतो. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. छातीत दाब येतो, घाम फुटतो, जबडा नाहीतर डावा हात दुखतो, पण माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि हृदय धडधडत असतं. त्याला बसवा, १०८ लावा. त्याला शॉकची गरज नाही. कार्डियाक अरेस्ट वेगळा. त्यात बिघाड विजेचा असतो: ठोका देणारा संदेश विस्कटतो, हृदयाचा स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे जातच नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो, म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि पिशवी जवळ आणून ठेवायची. एवढं पुरे.

काका पडले तेव्हा हातपाय झटकले गेले आणि तोंडातून घोरल्यासारखा आवाज आला. लगेच कोणी ‘फिट आली’ म्हणून चप्पल हुंगवली, कोणी कांदा शोधायला पळालं. तो घोरल्यासारखा आवाज म्हणजे श्वास नव्हे! पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे अधूनमधून आचके येतात, ते अरेस्टचंच लक्षण. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर अरेस्ट समजा आणि छाती दाबायला लागा. नाडी चाचपत बसू नका, गर्दीत स्वतःचीच लागते.

तर माणसं नेमा, आदल्या दिवशी, नावानिशी. एक १०८ लावणार आणि रुग्णवाहिकेसाठी गल्ली मोकळी करणार. दोघं आळीपाळीने छाती दाबणार, कारण दोन मिनिटांत हात भरून येतात आणि दाब उथळ होतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. चौथा पथकाकडे धावून ढोल-ताशा थांबवणार. हे चेष्टेत घेऊ नका. यंत्र बोलून सूचना देतं आणि ढोलाच्या दणदणाटात ते काय बोललं हे मला कान लावूनही कळलं नाही.

आता रेझर. काकांच्या छातीवर दाट केस, त्यात घाम, त्यावर गुलालाचा चिखल. शर्ट फाडला, पॅड लावले, ते चिकटेनात. यंत्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होतं, पॅड तपासा. मी पॅड तळहाताने दाबून धरतोय आणि ते तेच म्हणतंय. त्याचं कारण नंतर समजून घेतलं. यंत्र दोन पॅडमधून आधी अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून मधला विद्युत विरोध मोजतं. केसांमुळे पॅडखाली हवा राहिली की विरोध वाढतो आणि यंत्राला वाटतं, पॅड लागलेच नाहीत. मग ते हृदयाचा आलेख वाचत नाही, शॉक तर लांबच. बिघाड यंत्रात नव्हता, माझ्या पिशवीत होता. एक पोरगा धावत जाऊन दुकानातून रेझर घेऊन आला. दोन जागा कशाबशा भादरल्या, कोणाच्या तरी बनियनने पुसल्या, तेच पॅड पुन्हा लावले. साधारण चार मिनिटं गेली. छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाबत राहिलं तर ही घट मंदावते, थांबत नाही. आणि आमचं दाबणंही त्या गोंधळात दोनदा थांबलं. एक शॉक बसला, पुढच्या तपासणीत यंत्राने शॉक नको म्हटलं. काका गेले. रेझर असता तर वाचले असते असं मी म्हणत नाही. पण ती चार मिनिटं माझ्यामुळे गेली, एवढं नक्की.

म्हणून रेझर. सगळी छाती भादरायची नाही, फक्त दोन पट्टे: उजव्या हंसळीच्या खाली आणि डाव्या काखेच्या खाली बरगड्यांवर. पाणी-साबण नको, कोरडंच. पॅड आधी जोरात दाबून बघा, बसले तर उत्तम. नाही बसले तरच रेझर. तोवर छाती दाबणं चालूच. मग नॅपकिनने घाम-गुलाल पुसा, ओली जागा पॅड धरत नाही. पॅडचा दुसरा जोड ठेवा, पहिल्याला केस आणि गुलाल लागून तो वाया जातो. दुसरा जोड असला तर पहिला खसकन ओढून त्याच्यासोबत केस उपटता येतात, पण हा रेझर विसरलेल्यांचा उपाय. तुम्ही विसरणार नाही आहात.

कपडे कापायची मोठी कात्री, हातमोजे. जानवं असू द्या. गळ्यातली चेन, मंगळसूत्र बाजूला सारा, काढत बसू नका. बाई असली तरी छाती उघडावीच लागते, त्यासाठी आडोसा धरायला एक चादर. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, थोडा सरकवून लावा.

शॉक म्हणजे बंद इंजिनला किक नव्हे. हृदयातली ती थरथर क्षणभर पुसली जाते, मग हृदयाने आपली लय स्वतः धरायची असते. म्हणून आलेख सपाट असेल तर यंत्र शॉक देतच नाही, आणि तुम्ही घाबरून बटण दाबलं तरी देणार नाही. ‘हात काढा’ म्हटलं की सगळ्यांनी हात काढायचे, हात धरून रडणाऱ्या नातेवाइकांनीसुद्धा. शॉकनंतर लगेच पुन्हा छाती दाबा, ‘उठतायत का बघू’ म्हणत थांबू नका. दोन मिनिटांनी यंत्रच परत तपासेल.

१०८ आली की किती वाजता पडले, किती शॉक दिले ते सांगा. पॅड काढू नका. हॉस्पिटल कुठलं ते आधी ठरवून ठेवा. बाकी पाणी, टॉर्च, चार्ज केलेला फोन, हे तुम्हाला कळतंच.

पिशवी आज रात्रीच भरा. रेझर बाहेरच्या कप्प्यात, कात्रीच्या शेजारी. मी तिथे चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय.