पंपाच्या स्टार्टर पॅनेलचे मॅन्युअल: हे शब्द आहेत तसेच ठेवा

मॅन्युअलच्या मराठी अनुवादात ‘पुनर्स्थापन कळ दाबा’ असे लिहिले, तर पॅनेलसमोर उभा असलेला वायरमन ती कळ शोधत बसतो, कारण ओव्हरलोड रिलेवर RESET एवढेच छापलेले असते.

1. अनुवादाआधी पॅनेलचे, डिस्प्लेचे आणि टर्मिनल पट्टीचे फोटो मागवा. तिथे जे अक्षर दिसते, ते मॅन्युअलमध्ये त्याच लिपीत राहील: RESET, TEST, TRIP.

2. टर्मिनलच्या खुणांना हात लावू नका. U1, V1, W1 म्हणजे मोटरच्या वायंडिंगची टोके, A1-A2 म्हणजे कॉन्टॅक्टरची कॉइल, 95-96 म्हणजे रिलेचा एनसी, म्हणजे एरवी जोडलेला संपर्क आणि 97-98 म्हणजे एनओ, म्हणजे एरवी तुटलेला. आकडेही देवनागरीत बदलू नका. कॉइलच्या मार्गातली वायर 95-96 च्या जागी 97-98 ला गेली, तर तो मार्ग तुटलेलाच राहतो आणि मोटर सुरूच होत नाही.

3. रिलेवर H आणि A असतील, तर वाक्य असे लिहा: ‘नॉब H वर ठेवा. मग ट्रिप झाल्यावर हाताने RESET दाबावे लागेल.’ अर्थ मराठीत, खूण जशीच्या तशी. A वर रिले थंड होताच आपोआप जुळते, आणि फ्लोट स्विचवरचा पंप अचानक सुरू होऊ शकतो.

4. शेवटी मूळ आणि अनुवादित फाइलमध्ये RESET शोधा. संख्या जुळली नाही, तर कुठेतरी भाषांतर झाले आहे. टर्मिनल क्रमांकांसाठीही हेच करा.

मात्र धोक्याच्या सूचनांना ही सूट नाही. DANGER ही स्टिकरवरची खूण ठेवली, तरी ‘झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करा’ हे मराठीतच हवे.