उमेदवार येण्याआधी गुण ठरवा

गणिताच्या शिक्षकाची एक जागा, मुलाखतीला आठ जण. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की बोलका उमेदवार बाजी मारतो. त्यापेक्षा सगळ्यांना तेच चार प्रश्न त्याच क्रमाने विचारा आणि कुठल्या उत्तराला किती गुण, हे आदल्या दिवशीच लिहून ठेवा.

मुलुंडच्या आमच्या शाळेतला एक प्रश्न: ‘पाचवीतल्या मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं, तर काय कराल?’ ‘नियम पाच वेळा लिहायला लावेन’ याला १ गुण. छेद समान करून फळ्यावर सोडवून दाखवणाऱ्याला ३. ‘हे कसं केलंस’ असं आधी विचारून, कागदाच्या पट्टीवर २/५ हे अर्ध्याहूनही कमी भरतं, ते मुलालाच पाहू देणाऱ्याला ५. मधल्या उत्तरांना २ किंवा ४.

उमेदवार बाहेर पडला की मुलाखत घेणाऱ्या तिघांनी न बोलता आपापला कागद भरायचा. चहा आणि चर्चा नंतर. गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढू नका, टिपलेलं उत्तर पुन्हा वाचा. आमच्याकडे सरांचे ५ होते, माझे २. टिपण वाचल्यावर सर हसले, त्यांनी गुण फर्ड्या इंग्रजीला दिले होते!

‘विरारहून रोज कशा येणार?’ हे फक्त बाईंनाच विचारलं जातं. ‘सकाळी ७ ची शाळा जमेल का?’ हे सगळ्यांना विचारा. वर्ग सांभाळता येतो का, हे मात्र या कागदावर कळत नाही. त्यासाठी निवडलेल्या तिघांचा खऱ्या वर्गावर १५ मिनिटांचा पाठ घ्या.