अनुभवाचा रकाना रिकामा आहे? एक केस स्पर्धा नीट सांगा

एमबीए झालं, नोकरी कधी केली नाही, आणि मुलाखतीत प्रश्न येतो, "नेतृत्व केल्याचा एखादा प्रसंग सांगा." बरेच जण इथे क्लबांची आणि पदांची यादी वाचतात. पद सांगून काही कळत नाही. त्यापेक्षा एकच स्पर्धा निवडा, तीही टीम जिथे अडली होती अशी. जिंकलेलीच हवी असं नाही.

आधी ती अडचण कागदावर उतरवा. समजा, सांगलीच्या चौघांना केस आली: तासगाव भागातल्या बेदाणा उत्पादकांच्या कंपनीचं उत्पन्न कसं वाढवायचं? तिघांना ग्राहकांसाठी ॲप काढायचं होतं, स्लाइडही तयार होत्या. टीमची प्रमुख मात्र बेदाण्याच्या सौद्याला जाऊन आली. शेतकरी भाव चढायची वाट बघत माल कोल्ड स्टोरेजला ठेवतात, आणि तोवर घरखर्च, औषधांची उधारी थांबत नाही. म्हणजे दुखणं गिऱ्हाइकाचं नव्हतं, मधल्या काळातल्या पैशाचं होतं. तिने ॲप सोडून मालतारण कर्जाचा पर्याय पुढे केला. सादरीकरणाला दोनच दिवस उरले होते.

खरा प्रसंग इथून पुढे आहे. ॲपच्या स्लाइड केलेला मुलगा रुसला. तिने त्याला नव्या योजनेतल्या चुका काढायचं काम दिलं. स्टोरेजचं भाडं हिशेबात धरलेलंच नाही, हे त्यानेच दाखवलं. आकडे बदलले, योजना टिकली. उपांत्य फेरीत टीम हरली.

आता रिझ्युमेची ओळ. "केस स्पर्धेत टीम लीडर, उपांत्य फेरी" असं लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. "सौद्यात चौकशी करून दोन दिवस आधी टीमची दिशा बदलली, विरोध करणाऱ्या सहकाऱ्याकडून हिशेब तपासून घेतला, उपांत्य फेरी" असं लिहिलं की तो थांबतो आणि विचारतो.

तोंडी सांगताना दोन मिनिटं पुरेत. निर्णय सांगताना "मी" म्हणा, काम सांगताना ज्याचं त्याचं नाव घ्या. सगळीकडे "आम्ही" असेल तर तुम्ही काय केलं ते कळत नाही. सगळीकडे "मी" असेल तर उरलेले तिघे काय करत होते, असं विचारतात. (विचारतातच.) भाड्याची चूक त्या मुलाने पकडली, हे सांगितल्याने तुमचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं.

उलटतपासणीची तयारी ठेवा: तुम्ही नसता तर काय झालं असतं? तो मुलगा तुमच्याबद्दल काय म्हणेल? दुसऱ्या प्रश्नासाठी त्यालाच फोन करा आणि त्याला प्रसंग कसा आठवतो ते ऐका. त्याचं सांगणं वेगळं निघालं तर तुमचं बदला. आणि निर्णय मुळात दुसऱ्याचा असेल, तर तो आपल्या नावावर खपवू नका. त्याला तुम्ही कुठे आणि कशी साथ दिली तेवढंच सांगा. जुन्या आणि नव्या दोन्ही स्लाइड जपून ठेवा, कुणी मागितल्या तर दाखवता येतील.